सातशेवीस फ्रेमचं लग्न

साखरपुडा झाला, कार्यालय ठरलं, केटररला सांगून झालं, की घरात पुढचा प्रश्न निघतो तो फोटोग्राफरचा. पूर्वी त्यासाठी दुकानात जावं लागे. काचेच्या टेबलावर दोन-तीन जाडजूड अल्बम ठेवलेले असत, ते उलटून पाहायचे, दर विचारायचा आणि थोडी घासाघीस करून ॲडव्हान्स द्यायचा. आता नवरीचा भाऊ घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकतो. काकू भाजी निवडता निवडता तो बघते, वडील एसटीत उभ्याउभ्या बघतात, बरेचदा आवाज बंद ठेवून. तेवढ्यात दोन गोष्टी ठरतात. हा माणूस फोटो कसे काढतो आणि तो आपल्याला परवडेल का. फोटोग्राफरचं सगळं काम आणि त्याचा दर या अर्ध्या मिनिटात बसवावा लागतो. ते कसं करतात आणि त्यात काय काय फसतं, हे लग्न ठरलेल्या प्रत्येक घराने जाणून घ्यावं असं मला वाटतं.

अर्धं मिनिटच का, याचं कारण फोनमध्ये आहे. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला कित्येक वर्षं तीस सेकंदांची मर्यादा होती. त्याहून मोठा व्हिडिओ कापूनच टाकावा लागे. इन्स्टाग्रामचे रील्स भारतात जुलै २०२० मध्ये आले, तेव्हा सुरुवातीला पंधराच सेकंद मिळत होते, मग तीस झाले. पुढे दोन्हीकडच्या मर्यादा बऱ्याच वाढल्या, पण लग्नाच्या धंद्यात तीसच्या आतली सवय टिकली. स्टेटस बघणारे लोक मुख्यतः आधीच्या गिऱ्हाइकाचे नातेवाईक असतात आणि पुढची ऑर्डर त्यांच्यातूनच येते. ते लांबलचक व्हिडिओ पाहत बसत नाहीत.

कराडच्या एका फोटोग्राफरचा असा व्हिडिओ जोडताना मी त्याच्या शेजारी बसलो होतो. वडिलांच्या काळापासूनचं दुकान. वडील कॅसेटवर शूटिंग करत आणि पुण्याहून मिक्सिंग करून आणत. मुलाकडे आता चांगले कॅमेरे आहेत, हात उत्तम आहे, पण त्याचा शोरील अडीच मिनिटांचा होता. सुरुवातीला ड्रोनमधून कार्यालयाचं छत, मग फुलांची सजावट, अंगठ्या, नवरदेवाचे बूट, महाबळेश्वरच्या धुक्यात प्री-वेडिंग आणि शेवटी तीन पॅकेजचा तक्ता. बघताना वाईट काहीच वाटत नव्हतं, पण तो त्याचाच आहे हेही कळत नव्हतं. सांगलीच्या किंवा नाशिकच्या कुणाचं नाव शेवटी टाकलं असतं तरी चाललं असतं.

आम्ही संगीतापासून सुरुवात केली. एका सनई-संबळवाल्या जोडीकडून त्याने पैसे देऊन वाजवून घेतलेला तुकडा होता. त्याची लय मिनिटाला शंभर ठोक्यांची, म्हणजे एक ठोका ०.६ सेकंदाचा. आपल्याकडे व्हिडिओ साधारण सेकंदाला २५ फ्रेमने चालवतात, त्यामुळे एका ठोक्याला बरोबर पंधरा फ्रेम येतात. हा योग चांगला, कारण तुकडा ठोक्यावरच तुटतो, फ्रेमचा अर्धा भाग इकडे-तिकडे राहत नाही. चार ठोक्यांचं एक आवर्तन २.४ सेकंदांचं. अशी बारा आवर्तनं घेतली तर २८.८ सेकंद होतात, म्हणजे एकूण ७२० फ्रेम. त्याच्याकडे एका सीझनच्या चित्रणाने भरलेल्या हार्ड डिस्क होत्या आणि जागा होती बारा आवर्तनांची.

शैली कुठून दिसते, याचं उत्तर आम्हाला एका शॉटमध्ये सापडलं. तो अंतरपाटाच्या कडेला, गुरुजींच्या थोडं मागे उभा राहतो. त्यामुळे कापडाच्या एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरदेव आणि मध्ये कापडाची नुसती कड दिसते. बहुतेक जण समोरून, व्यासपीठाखालून टिपतात. तिथून कुंकवाचं स्वस्तिक छान दिसतं, पण कापड खाली जाताना चेहऱ्यांच्या मध्ये पाहुण्यांच्या अक्षतांचे हात येतात. हा कडेला असल्यामुळे त्याला वेगळंच काही मिळतं. कापड खाली जातं, पण नवरीची नजर लगेच वर येत नाही. आधी पहिली अक्षत तिच्या मुंडावळ्यांवर पडते, तिची पापणी मिटते आणि उघडते ती समोर पाहतच. प्रत्यक्षात हे निमिषात होऊन जातं. तो ते सेकंदाला शंभर फ्रेमने टिपतो आणि पंचवीसने दाखवतो, म्हणजे चारपट संथ. आवर्तनभर, २.४ सेकंद, पडद्यावर जे दिसतं ते खऱ्या लग्नातलं फक्त ०.६ सेकंद असतं.

हा शंभरचा आकडा शैलीसाठी नाही, तो विजेसाठी आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे कार्यालयातले साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. बरेच जण कॅमेरा १२० फ्रेमवर ठेवून संथ शॉट घेतात. मग दिव्यांची लय आणि कॅमेऱ्याची लय जुळत नाही आणि मागच्या भिंतीवर काळपट पट्टे सरकू लागतात किंवा सगळं चित्र लुकलुकतं. शंभर फ्रेम आणि शटरही सेकंदाचा शंभरावा भाग ठेवला, की प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याची एक पूर्ण लहर येते आणि उजेड स्थिर राहतो. स्टेजमागच्या मोठ्या एलईडी पडद्याची लय निराळी असते, तिथे हा उपाय नेहमी लागू पडत नाही. म्हणून तो असा पडदा मागे येणार नाही अशी जागा आधीच हेरून ठेवतो. एखाद्याचं काम पारखायचं असेल तर नवरा-नवरीच्या मागची भिंत पाहावी. तिथे पट्टे सरकत असतील तर या माणसाने कार्यालयाच्या उजेडाचा विचार केलेला नाही. आणि आपल्याकडची बहुतेक लग्नं अशाच उजेडात लागतात.

संथ शॉटला कामाचा आवाज मिळत नाही. म्हणून मंगलाष्टकांचा आवाज तो गुरुजींच्या माइकजवळ ठेवलेल्या छोट्या रेकॉर्डरवर वेगळा घेतो. पहिल्या आवर्तनात आम्ही बंद अंतरपाट ठेवला, कापडाच्या वर नवरीच्या झुकलेल्या पापण्या आणि मागून ‘सावधान’चा गजर. कापड खाली येतं ते थेट सातव्या आवर्तनात. आवाज बंद ठेवून बघणाऱ्यालाही कापड आता पडेल याची वाट लागते, कारण पुढे काय होणार हे प्रत्येक मराठी माणसाला माहीत असतं. मधल्या पाच आवर्तनांत दोन हळदीची, एक मुंडावळ्या बांधणारे हात, पैठणीचा काठ, सनईवरची बोटं आणि करवलीचा दिवा अशा ठोक्या-ठोक्याला बदलणाऱ्या चार शॉटांचं, आणि दोन आवर्तनं सलग मामाची. मामा भाचीचा हात धरून तिला बोहल्याकडे आणतो आहे, तिच्याकडे न बघता समोर बघत, ओठ घट्ट मिटून. एवढ्या लहान व्हिडिओत ४.८ सेकंद एकाच माणसाला देणं हा धोका होता. फोटोग्राफर म्हणाला, ‘‘दादा, इथं लोक पुढं ढकलतील.’’ पण त्याच्या सगळ्या चित्रणात सर्वांत जिवंत शॉट तोच होता. नवरा-नवरीपेक्षा त्यांच्या माणसांकडे बघणारा फोटोग्राफर, ही त्याची खरी ओळख. आठव्या आवर्तनात कानपिळी ठेवली. नवरीचा भाऊ कान पिळतोय, नवरदेव वाकडा होऊन हसतोय, नेहमीच्या वेगात आणि त्यांच्या खऱ्या हसण्यासकट.

महाबळेश्वरचं धुकं निघालं. ड्रोनही निघाला, त्याला आणखी एक कारण होतं. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि तो उडवायला परवान्याची अट नाही. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर नोंदणी आणि रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. विमानतळाच्या जवळ किंवा बंदी असलेल्या क्षेत्रात तर परवानगीशिवाय उडवताच येत नाही. शोरीलमध्ये ड्रोनचा शॉट दाखवला की गिऱ्हाईक तो पॅकेजमध्ये धरूनच चालतं. जे दरवेळी देता येणार नाही ते दाखवायचं नाही, असं त्याने ठरवलं आणि ते मला पटलं.

रंगाचं काम सर्वांत वेळखाऊ झालं. फोनवर सध्या एक तपकिरी-नारिंगी छटा फार चालते. तयार मिळते, एका बटणात सगळ्या शॉटवर बसते. तिच्यात संध्याकाळचं ऊन सुरेख दिसतं, पण हिरवा चुडा शेवाळी होतो, कुंकू विटकरी दिसतं आणि हळद लागलेला चेहरा आजारी वाटायला लागतो. आमच्या बारा आवर्तनांत चार वेगवेगळ्या लग्नांतले शॉट होते, दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर घेतलेले. हळदीचे अंगणातल्या उन्हात, बाकीचे कार्यालयातल्या पांढऱ्या उजेडात. त्याने एक शॉट निवडला, नवरीच्या मनगटावरचा चुडा आणि शेजारी पाटल्या, आणि सगळ्या शॉटमधला हिरवा रंग त्या हिरव्याशी जुळवला. चुड्याचा हिरवा सगळीकडे सारखा झाला की कातडीचा रंगही आपोआप जागेवर येतो, असा त्याचा अनुभव. त्या चुड्याचा शॉट मग मी कितीतरी वेळ बघत राहिलो. बांगडीच्या काचेत खिडकीची एक बारीक चौकोनी चमक होती आणि पाटलीवर हळदीचा एक पुसलेला डाग. तो डाग त्याने काढला नाही.

आता पॅकेज. जुन्या तक्त्यात सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा तीन रांगा आणि प्रत्येकीत सात-आठ ओळी होत्या. फोनच्या पडद्यावर ती अक्षरं मुंगीएवढी, आणि तक्ता दिसायचा जेमतेम तीन सेकंद. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. आम्ही एकच पॅकेज घेतलं, जे त्याच्याकडे सर्वाधिक लोक घेतात ते. नवव्या आवर्तनात चुड्याच्या शॉटवर एकच ओळ: ‘एक दिवस, चार जण, ₹८५,०००’. हे तीन तुकडे २.४ सेकंदांत आरामात वाचता येतात. दहाव्या आणि अकराव्या आवर्तनात मिळून दुसरी ओळ: ‘४० पानी अल्बम, ३ मिनिटांची फिल्म, ६० दिवसांत’. ही जरा लांब, म्हणून तिला दुप्पट वेळ. बाराव्यात दुकानाचं नाव, गाव आणि फोन. अक्षरं पडद्याच्या मध्याच्या जरा वर ठेवली, कारण रीलच्या खालच्या भागावर खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला लाइक-शेअरची बटणं. तिथे लिहिलेला दर झाकला जातो, आणि हे फोनवर टाकून पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

‘चार जण’ म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं, कारण दरातला खरा फरक त्यातच असतो. ट्रॅडिशनल फोटोवाला स्टेजवर थांबतो आणि आहेर द्यायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाचा वधूवरांसोबत फोटो काढतो. ट्रॅडिशनल व्हिडिओवाला विधी सलग टिपतो. कॅन्डिडवाला माणसांच्या नकळत फोटो काढत हिंडतो आणि सिनेमॅटिकवाला त्या तीन मिनिटांच्या फिल्मसाठी शॉट जमवतो. शोरीलमध्ये दिसतं ते जवळजवळ सगळं शेवटच्या दोघांचं काम. पहिल्या दोघांचं त्यात काहीच दिसत नाही, पण अल्बम आल्यावर आत्या आपल्या घरच्यांचा फोटो आधी शोधते तो पहिल्या माणसाने काढलेला असतो. ‘₹२५,००० पासून’ असं लिहिलेल्या बऱ्याच पॅकेजमध्ये एकच माणूस असतो, तोच फोटो काढतो आणि जमेल तेव्हा व्हिडिओ घेतो. शोरीलमधली फिल्म त्या दरात नसते. ‘पासून’ हा शब्द लिहायला हरकत नाही, पण दाखवलेलं काम ज्या दराचं तोच दर त्याच्याखाली हवा. दराबरोबर जीएसटीचंही आधीच विचारून घ्यावं. नोंदणी असलेल्या फोटोग्राफरला १८ टक्के लावावा लागतो. तो वेगळा असेल तर ८५,००० चे १,००,३०० होतात.

या धंद्यात सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाब म्हणजे परवानगी. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा आणि फिल्मचा मालक कोण, यावर बहुतेक फोटोग्राफर ‘आम्हीच की’ म्हणतील. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ मध्ये उलट लिहिलं आहे. एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा किंवा चित्रफितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. म्हणजे मामाचे ते ४.८ सेकंद फोटोग्राफरला स्वतःच्या जाहिरातीत वापरायचे तर मुलीकडच्यांची लेखी संमती हवी. आमच्या बारा आवर्तनांतल्या चार लग्नांपैकी एका घराने नाही म्हटलं. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. हळदीचे दोन शॉट बदलावे लागले. त्यानंतर त्याने ऑर्डरच्या कागदावर एक ओळ वाढवली: जाहिरातीसाठी वापरू का, हो किंवा नाही, आणि ‘नाही’ म्हटल्याने दरात फरक पडणार नाही. शेवटचा भाग महत्त्वाचा, नाहीतर लोक भिडेखातर ‘हो’वर खूण करतात.

गाण्याचंही तसंच. लग्नात सिनेमाची गाणी वाजतात. लग्नाच्या समारंभात, वरातीत गाणी वाजवण्याला याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. त्यावरून अनेकांना वाटतं की लग्नाच्या व्हिडिओला कुठलंही गाणं लावता येतं. ती सूट समारंभापुरती आहे. फोटोग्राफरने आपल्या धंद्याच्या जाहिरातीमागे तेच गाणं लावलं तर ती व्यापारी वापरात मोडते आणि रील मुकं होऊ शकतं किंवा काढलंही जाऊ शकतं. ऐन तुळशीच्या लग्नानंतर, चौकशा सुरू झाल्यावर असं झालं तर तो सीझनच हातचा जातो. सनई-संबळवाल्यांना दिलेले पैसे आणि त्यांच्याकडून घेतलेला सहीचा कागद त्यामानाने स्वस्त पडला.

चांगला शोरील बघूनही फसगत होते ती बहुधा दोन प्रकारे. एक म्हणजे त्यातलं लग्नच खरं नसतं. कार्यशाळांमध्ये मॉडेलला नटवून, फुलांची सजावट करून लग्नासारखं चित्रण करतात आणि शिकायला आलेल्या प्रत्येकाला ते टिपता येतं. शिकण्यासाठी ते उत्तमच, पण शोरीलमध्ये खऱ्या कामाच्या जागी येऊ नये. ओळखू येतं ते असं: मागे पाहुणे नसतात, गुरुजी नसतात, कुणाचा डोळा मिटलेला नसतो, आणि तीच नवरी तीन वेगवेगळ्या साड्यांत दिसते. दुसरं म्हणजे काम खरं असतं पण करणारा दुसराच. मोठ्या मुहूर्ताच्या तारखेला एकेका स्टुडिओकडे दोन-तीन ऑर्डरी असतात. मालक एकीकडे जातो, बाकीकडे फ्रीलान्सर जातात. त्यांच्यातले कित्येक हुशार असतात, पण तुम्ही ज्याचं काम बघून पैसे दिले तो तुमच्या मांडवात नसतो.

म्हणून शोरील आवडला की पुढे दोन गोष्टी मागाव्यात. आपल्यासारख्याच कार्यालयात, दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर लागलेल्या एका लग्नाचा पूर्ण अल्बम आणि विधींचा सलग व्हिडिओ. गोरज मुहूर्ताचं काम सगळेच पाठवतात, कारण तिरप्या उन्हात कुणाचंही काम खुलतं. आणि कॅन्डिड कॅमेऱ्यामागे कोण असेल, याचं नाव ऑर्डरच्या कागदावर.

कराडच्या दुकानात फोन त्याची बायको घेते. नवा शोरील स्टेटसला लागल्यावर तिच्याकडे येणारे प्रश्न बदलले. आधी पहिला प्रश्न ‘किती घेता?’ असायचा. आता दर माहीत असतो, विचारणा तारखेची होते आणि पाठोपाठ ‘चौघांत ते स्वतः असतील ना?’ अशी. त्याच तारखेला आधीची ऑर्डर असेल तर ती तसं सांगते, दुसऱ्या टीमचं नाव आणि त्यांचा वेगळा, कमी दर सांगते आणि त्या टीमनेच टिपलेल्या एका लग्नाचा व्हिडिओ पाठवते. काही जण तिथेच फोन ठेवतात, काही जण दुसरी तारीख आहे का म्हणून विचारतात.